७४१ च्या पोटातला एक रेझिस्टर आणि त्याच्या करंटच्या नकला

७४१ या ऑप-अँपचा आतला सर्किट डायग्राम पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक वेळा डावीकडून सुरुवात करतो. इनपुटच्या दोन पिना, त्यांना जोडलेले ट्रान्झिस्टर, मग त्यांच्या खाली आणि वर आणखी ट्रान्झिस्टर. वीसएक चिन्हं झाली की धागा हातून सुटतो. माझ्या मते हा डायग्राम इनपुटकडून वाचायचाच नाही. मधोमध एक ३९ किलोओहमचा रेझिस्टर आहे. तिथे बोट ठेवायचं आणि करंट कुठे कुठे जातो ते बघत निघायचं. सिग्नल काय करतो ते नंतर आपोआप उलगडतं.

हा ऑप-अँप डेव्ह फुलागर यांनी फेअरचाइल्डमध्ये केला आणि तो १९६८ साली बाजारात आला. त्याआधी त्याच कंपनीत बॉब विडलर यांनी ७०२ आणि ७०९ हे ऑप-अँप केले होते. चिपवर बायस करंट कसा तयार करायचा याच्या ज्या युक्त्या ७४१ मध्ये दिसतात, त्यांतली एक फार महत्त्वाची युक्ती विडलर यांचीच आहे, तिच्याकडे पुढे येऊच. आकडे मी पाठ्यपुस्तकांत नेहमी येतात ते घेतले आहेत, आणि ट्रान्झिस्टरांचे क्रमांकही तिथलेच. काही डेटाशीटांत क्रमांक वेगळे असतात, पण जोडणी तीच.

३९ किलोओहमच्या वर क्यू१२ आहे आणि खाली क्यू११. दोघांचाही कलेक्टर आपापल्या बेसला जोडलेला, म्हणजे दोघेही डायोडसारखे वागतात. सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्ट असेल तर या साखळीवर एकूण ३० व्होल्ट येतात. दोन डायोड मिळून साधारण १.४ व्होल्ट खातात, उरलेले २८.६ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. करंट झाला ०.७३ मिलिअँपिअर. अख्ख्या चिपमध्ये सप्लाय आणि ओहमचा नियम यांनी थेट ठरलेला करंट हा एवढाच. बाकी प्रत्येक ट्रान्झिस्टरमधला करंट याची कुठल्या ना कुठल्या प्रमाणातली नक्कल आहे, किंवा त्या नकलेवरून निघालेला आहे.

नक्कल होते कशी

ट्रान्झिस्टरचा कलेक्टर करंट त्याच्या बेस-एमिटर व्होल्टेजवर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो:

```
IC = IS · exp(VBE / VT)        VT ≈ 26 mV (खोलीच्या तापमानाला)
```

याचा व्यावहारिक अर्थ असा की `VBE` फक्त १८ मिलिव्होल्टने वाढलं की करंट दुप्पट होतो आणि ६० मिलिव्होल्टने वाढलं की दहापट. त्यातच तापमान एक अंशाने वाढलं की तेवढ्याच करंटसाठी लागणारं `VBE` साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतं. म्हणून दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर लावून बेसला ०.६५ व्होल्ट देऊ आणि १ मिलिअँपिअर मिळवू, असं कोणी ठरवलं तर ते टिकणार नाही. चिप दहा अंशांनी तापली की तोच ०.६५ व्होल्ट दुपटीहून जास्त करंट काढेल.

करंट मिरर हा प्रश्न उलटा टाकतो. `VBE` किती हवं हे आपण सांगतच नाही. एका ट्रान्झिस्टरचा कलेक्टर बेसला जोडायचा आणि त्यात हवा तो करंट बाहेरून घुसवायचा. बेस करंट नगण्य धरला तर घुसवलेला सगळा करंट कलेक्टरमधूनच जायला हवा. तो जाण्यासाठी जेवढं `VBE` लागतं तेवढ्यावर बेसचं व्होल्टेज आपसूक येऊन थांबतं. कमी असेल तर जास्तीचा करंट बेसमध्ये शिरून ते वर ढकलतो, जास्त असेल तर कलेक्टर ते खाली ओढतो. आता तेच व्होल्टेज शेजारच्या जुळ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला द्यायचं. तोही तेवढाच करंट ओढणार, कारण त्याचं `IS` तेच, तापमान तेच आणि `VBE` तेच. पहिला ट्रान्झिस्टर करंटचा लॉगॅरिदम घेतो, दुसरा तो पुन्हा घातांकात उलटवतो. `IS` किती, तापमान किती, या दोन्ही नकोशा गोष्टी वाटेत छाटल्या जातात.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरचं क्षेत्रफळ वेगळं ठेवलं तर नक्कल त्या प्रमाणात लहान-मोठी होते. ७४१ मधल्या क्यू१३ ला दोन कलेक्टर आहेत आणि तो क्यू१२ चं `VBE` उसनं घेतो. एका कलेक्टरला पाव हिस्सा, दुसऱ्याला पाऊण. म्हणून एकातून ०.१८ मिलिअँपिअर निघतो आणि आउटपुट स्टेजच्या बायसला जातो, तर दुसऱ्यातून ०.५५ मिलिअँपिअर निघतो आणि मधल्या गेन स्टेजला मिळतो. एकही नवा रेझिस्टर न लावता दोन स्टेजांचे करंट ठरून मोकळे झाले.

नकलेत चूक किती? दोन्ही ट्रान्झिस्टरांना बेस करंट लागतो आणि तो पहिल्या शाखेतूनच चोरला जातो. म्हणून नक्कल मूळ करंटला `1 + 2/β` ने भागल्याइतकी येते. `β` म्हणजे कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट आहे ते. तो २०० असेल तर चूक एक टक्का. `β` ५० असेल तर चार टक्के, आणि जुन्या चिपमधल्या पीएनपी ट्रान्झिस्टरांचा `β` असाच कमी असायचा. दुसरी चूक कलेक्टरच्या व्होल्टेजमुळे येते, ती टेबलावर जास्त चांगली दिसते.

ब्रेडबोर्डवर मिरर का फसतो

दोन बीसी५४७ घ्या. दोघांचे बेस एकत्र, दोघांचे एमिटर ग्राउंडला. पहिल्याचा कलेक्टर बेसला जोडा आणि १२ व्होल्टवरून १० किलोओहममधून करंट द्या. तो होईल १.१३ मिलिअँपिअर. दुसऱ्याचा कलेक्टर मिलिअँपिअर मीटरमधून सरळ १२ व्होल्टला. पुस्तकाप्रमाणे मीटरने १.१ दाखवायला हवं. प्रत्यक्षात पहिला आकडाच वेगळा येतो, आणि त्यानंतर काही सेकंद तो हळूहळू वर सरकत राहतो.

इथे तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या काढता येतात. पहिली म्हणजे दोन ट्रान्झिस्टर जुळे नाहीत. त्यांच्या `VBE` मध्ये पाच मिलिव्होल्टचा फरक असला तरी करंटमध्ये वीसेक टक्के फरक पडतो. ही चूक ट्रान्झिस्टरांची अदलाबदल केली की उलटी होते, म्हणून ओळखायला सोपी. दुसरी चूक अर्ली परिणामाची. पहिल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ०.६५ व्होल्टवर आहे, दुसऱ्याचा १२ वर. कलेक्टरचं व्होल्टेज वाढलं की बेसची परिणामी रुंदी कमी होते आणि त्याच `VBE` ला करंट थोडा वाढतो. अर्ली व्होल्टेज १०० असेल तर अकरा व्होल्टच्या फरकाला अकरा टक्के. ही चूक कलेक्टरचं व्होल्टेज बदलताक्षणी दिसते, वाट पाहावी लागत नाही.

तिसरी चूक उष्णतेची, आणि ती सावकाश येते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये १.१ मिलिअँपिअर गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे तेरा मिलिवॅटच्या आसपास जिरतात. प्लॅस्टिकच्या त्या छोट्या पॅकेजचा उष्णतारोध वॅटमागे २०० अंश धरला तर आतला सिलिकॉनचा तुकडा अडीच-एक अंशांनी तापतो. पहिला ट्रान्झिस्टर पाऊण मिलिवॅटवर बसलेला, तो थंडच. अडीच अंश म्हणजे पाच मिलिव्होल्ट, आणि पाच मिलिव्होल्ट म्हणजे पुन्हा वीसेक टक्के. करंट वाढला की उष्णता आणखी वाढते, म्हणून आकडा सरकत सरकत कुठेतरी स्थिर होतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरला चिमटीत धरलं की तो आणखी चढतो, पहिल्याला धरलं की उतरतो. (मे महिन्यात विदर्भात हा प्रयोग करणार असाल तर बोटाचा उपयोग नाही, खोलीच बोटापेक्षा गरम असते. सोल्डरिंग आयर्न जवळ नेलेलं बरं.)

सुट्या पार्टांनी मिरर करायचाच असेल तर दोन्ही एमिटरमध्ये ४७० ओहमचे एकसारखे रेझिस्टर घाला. त्यांच्यावर अर्धा व्होल्टच्या वर पडतो. आता पाच मिलिव्होल्टची चूक त्या अर्ध्या व्होल्टच्या तुलनेत मोजली जाते आणि वीस टक्क्यांची एक टक्का होते. किंमत एवढीच की मिररला काम करायला अर्धा व्होल्ट जास्त लागतो.

चिपवर हे दुखणं बरंचसं उरत नाही. दोन ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनवर, एकाच वेळी, एकाच मास्कने, एकमेकांना चिकटून बनलेले असतात. त्यांचा `VBE` एकदोन मिलिव्होल्टांत जुळतो आणि तापमान जवळपास एकच. सीए३०४६ सारखा एकाच चिपवरचा ट्रान्झिस्टरांचा संच घेऊन वरचाच प्रयोग केला तर बोटाने आकडा जवळजवळ हलत नाही, कारण बोट दोघांनाही सारखंच तापवतं. अर्ली परिणामाची चूक मात्र तशीच राहते, तिला जुळेपणाचा उतारा नाही.

चिपची अडचण वेगळीच आहे. तिथे रेझिस्टर महाग. बेसच्या थरातून कोरलेल्या रेझिस्टरला एका चौरसामागे साधारण १०० ते २०० ओहम मिळतात. २०० धरले तरी ३९ किलोओहमला शेदोनशे चौरस लांबीची नागमोडी पट्टी लागते. शिवाय तिचं मूल्य एका बॅचपासून दुसऱ्या बॅचपर्यंत वीस-तीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणजे सुट्या पार्टांच्या जगात रेझिस्टर नेमका आणि ट्रान्झिस्टर बेभरवशाचा, तर चिपवर ट्रान्झिस्टरांची जोडी नेमकी आणि रेझिस्टर बेभरवशाचा. एका रेझिस्टरवर भागवून बाकी सगळं मिररांवर सोडण्यामागचं खरं कारण हे आहे.

१९ मायक्रोअँपिअर कुठून आले

इनपुट स्टेजला करंट फार कमी लागतो. इनपुट ट्रान्झिस्टरांचा बेस करंट म्हणजे बाहेरच्या सर्किटमधून ओढलेला करंट, तो जितका कमी तितका चांगला. ७४१ मध्ये इनपुटच्या प्रत्येक बाजूला साधारण ९.५ मायक्रोअँपिअर वाहतात, दोन्ही मिळून १९. ३० व्होल्टवरून १९ मायक्रोअँपिअर सरळ रेझिस्टरने काढायचे तर दीड मेगओहम हवा. वरच्याच हिशेबाने साडेसात हजार चौरस. तेवढ्या जागेत बाकीचा ऑप-अँप मावला असता. क्षेत्रफळांचं प्रमाण एकास अडतीस ठेवणं हाही काही शहाणपणाचा मार्ग नाही.

विडलर यांची युक्ती अशी की क्यू११ चं `VBE` क्यू१० ला द्यायचं, पण क्यू१० च्या एमिटरमध्ये `R4` हा एक रेझिस्टर घालायचा. मग क्यू१० ला मिळणारं `VBE` त्या रेझिस्टरवरच्या व्होल्टेजइतकं कमी होतं. करंट अडतीसपट कमी करायला `VBE` फक्त ९५ मिलिव्होल्टने कमी व्हावं लागतं, आणि १९ मायक्रोअँपिअरला ९५ मिलिव्होल्ट पाडायला ५ किलोओहम पुरतो. पंचवीस चौरसांत काम झालं. ३९ किलोओहमच्या साखळीतला करंट `Iref` म्हटला तर समीकरण असं:

```
I10 · R4 = VT · ln(Iref / I10)
```

करंट दोन्हीकडे असल्याने हे सरळ सुटत नाही, पण अंदाज घेत गेलं तर कागदावर दोन मिनिटांत सुटतं. १० मायक्रोअँपिअर धरा. ७३३ भागिले १० चा लॉग ४.२९, गुणिले २६ म्हणजे ११२ मिलिव्होल्ट, भागिले ५ किलोओहम म्हणजे २२. आता २२ धरून तेच केलं की १८ च्या वर येतं, मग १९, आणि तिथेच थांबतं.

या समीकरणातला लॉग फक्त जागा वाचवत नाही. सप्लाय अधिक-उणे ५ व्होल्टवर आणा. साखळीतला करंट ८.६ भागिले ३९ किलोओहम, म्हणजे ०.२२ मिलिअँपिअर, तिपटीहून खाली आला. पण क्यू१० चा करंट १४ मायक्रोअँपिअरवरच थांबतो, पावच भाग कमी. बॅटरी उतरत असतानाही ७४१ ची इनपुट स्टेज बऱ्यापैकी पूर्वीसारखीच वागते ती यामुळे. क्यू१३ मधून बायस होणाऱ्या स्टेजांना हे संरक्षण नाही, त्यांचे करंट सरळ प्रमाणात घटतात. सप्लायच्या तारेत मीटर लावून हे पाहता येतं. १५ व्होल्टला साधारण १.७ मिलिअँपिअर, आणि ५ व्होल्टला हिशेबाने अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास.

एक मिरर, जो नक्कल करून तुलना करतो

आता डायग्राममधली सगळ्यात चतुर जागा. क्यू१० चे १९ मायक्रोअँपिअर थेट इनपुट जोडीच्या एमिटरांना दिले असते तर गोष्ट साधी होती. पण ७४१ च्या इनपुटला एनपीएन जोडी क्यू१-क्यू२ आणि तिच्या एमिटरांखाली पीएनपी जोडी क्यू३-क्यू४ अशी रचना आहे, आणि क्यू१० चा कलेक्टर क्यू३-क्यू४ च्या बेसला जोडलेला आहे. हा करंट नुसता बेस करंट म्हणून दिला असता तर प्रत्येक बाजूचा करंट `β` च्या पटीत झाला असता. त्या काळच्या आडव्या रचनेच्या पीएनपी ट्रान्झिस्टरांचा `β` एका चिपला १० तर दुसऱ्या चिपला ५० असू शकायचा. इनपुट स्टेजचा करंट पाचपट इकडेतिकडे झाला असता.

म्हणून वर क्यू८-क्यू९ हा पीएनपी मिरर आहे. क्यू१ आणि क्यू२ या दोघांचे कलेक्टर करंट एकत्र होऊन क्यू८ मध्ये जातात. क्यू९ त्यांची नक्कल काढून ती क्यू१० च्या कलेक्टरवर आणून सोडतो. तिथे क्यू१० १९ मायक्रोअँपिअर ओढत असतो आणि क्यू९ नक्कल पुरवत असतो. दोघांतला फरक तेवढा क्यू३-क्यू४ चा बेस करंट. इनपुट स्टेजचा करंट कमी असेल तर क्यू९ कमी पुरवतो, उरलेला करंट बेसमधून ओढला जातो आणि स्टेज जास्त चालू होते. करंट जास्त झाला तर क्यू९ जवळजवळ सगळाच पुरवतो आणि बेसना काही उरत नाही. शेवटी समतोल येतो तो नक्कल १९ च्या जवळ आल्यावर, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेनऊवर. गणित करून पाहिलं तर `β` ५० वरून १० वर आला तरी या बाजूंचा करंट सहा टक्क्यांच्या आसपासच बदलतो. दोन्ही इनपुट एकदम वर-खाली झाले तरी हाच फेरा करंट जागेवर धरून ठेवतो, त्यामुळे कॉमन मोड सिग्नल दाबला जाण्यातही त्याचा वाटा आहे.

हा करंट चिप न फोडता बाहेरून मोजता येतो. ७४१ व्होल्टेज फॉलोअर म्हणून जोडा आणि अधिक इनपुट १ मेगओहममधून ग्राउंडला द्या. डेटाशीटमधला इनपुट बायस करंट साधारण ८० नॅनोअँपिअर आहे, म्हणजे आउटपुट उणे ८० मिलिव्होल्टच्या आसपास जाईल. इनपुटचे ट्रान्झिस्टर एनपीएन असल्याने करंट पिनेत शिरतो, म्हणून चिन्ह उणे. साडेनऊ मायक्रोअँपिअरला ८० नॅनोअँपिअरने भागलं की आतल्या इनपुट ट्रान्झिस्टरचा `β` ११९ येतो. १ मेगओहमच्या एका रेझिस्टरने मिररच्या साखळीचं शेवटचं टोक मीटरवर दिसलं.

लोड म्हणून मिरर

आतापर्यंत मिररने करंट वाटला आणि तोलला. अॅम्प्लिफायरच्या दृष्टीने त्याचं सगळ्यात मोठं काम मात्र गेन मिळवून देण्याचं आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं.

एका ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला रेझिस्टर लोड असेल तर गेन `gm · R`, आणि `gm` म्हणजे `IC / VT`. गुणाकार केला की गेन म्हणजे रेझिस्टरवर पडलेलं डीसी व्होल्टेज भागिले २६ मिलिव्होल्ट. करंट कितीही घ्या, रेझिस्टर कितीही घ्या, त्यावर १० व्होल्ट पाडायला परवानगी असेल तर गेन चारशेच्या आत. गेन वाढवायचा तर सप्लाय वाढवा, दुसरा मार्ग नाही. शिवाय साडेनऊ मायक्रोअँपिअरला १० व्होल्ट पाडणारा रेझिस्टर म्हणजे पुन्हा एक मेगओहम.

मिररचा आउटपुट ट्रान्झिस्टर ठरलेला करंट ओढतो आणि त्याच्यावरचं व्होल्टेज बदललं तरी तो करंट फारच थोडा बदलतो. बदलत्या सिग्नलला तो काही मेगओहमचा लोड दिसतो, पण डीसीला त्याला अर्धा-एक व्होल्ट पुरतो. ७४१ च्या इनपुट स्टेजखाली क्यू५-क्यू६ हा असा मिरर आहे. त्यांच्या बेसना करंट पुरवायला क्यू७ ठेवला आहे म्हणजे बेस करंटची चूक आणखी कमी होते, आणि एमिटरमध्ये एकेक किलोओहम आहे. स्टेजच्या आउटपुटला ६.७ मेगओहमचा रोध मिळतो. पुढच्या स्टेजचा इनपुट ४ मेगओहमचा असल्याने दोन्ही समांतर धरून २.५ मेगओहम उरतात. स्टेजचं `gm` ०.१९ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. गेन झाला ४७५ च्या आसपास. मधल्या स्टेजला क्यू१३ च्या पाऊण हिश्शाचा असाच लोड आहे, तिचा गेन पाचशेच्या वर. एकूण दोन लाखांच्या पुढे, आणि तेही दोनच गेन स्टेजांत. स्टेजा कमी म्हणजे फेज शिफ्ट कमी, म्हणूनच ३० पिकोफॅरडचा एकच कपॅसिटर आत घालून ७४१ स्थिर ठेवता आला. त्याआधीच्या ७०९ ला स्थिर ठेवायला बाहेरून रेझिस्टर-कपॅसिटर जोडावे लागायचे.

इनपुट स्टेजचा मिरर आणखी एक काम करतो. इनपुटमध्ये फरक आला की क्यू३ च्या बाजूचा करंट थोडा वाढतो आणि क्यू४ च्या बाजूचा तेवढाच कमी होतो. क्यू३ मधली वाढ क्यू५ मध्ये जाते, क्यू६ तिची नक्कल काढून आउटपुटवर जास्त ओढतो, आणि नेमका त्याच वेळी क्यू४ तिथे कमी पुरवतो. दोन्ही बदल एकाच ठिकाणी मिळतात. दोन बाजूंचा सिग्नल एका तारेवर आला आणि अर्धा वाया गेला नाही. दोन्ही इनपुट एकदम हलले तर मात्र क्यू४ आणि क्यू६ मधले बदल सारखेच असतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात.

ज्यांनी ७४१ चा ऑफसेट काढायला १ आणि ५ या पिनांमध्ये १० किलोओहमचा पॉट लावून त्याची मधली पिन उणे सप्लायला जोडली आहे, त्यांनी हा मिरर हाताने फिरवलेला आहे. त्या दोन पिना क्यू५ आणि क्यू६ च्या एमिटरांना जोडलेल्या असतात. पॉट फिरवला की एका किलोओहमला समांतर रोध कमी होतो, दुसऱ्याला वाढतो, आणि नक्कल मुद्दाम थोडी खोटी केली जाते, इनपुट जोडीतल्या विषमतेची भरपाई होईल एवढी. पण ही भरपाई एकाच तापमानाला चोख असते. हिवाळ्यात सकाळी शून्यावर आणलेला ऑफसेट दुपारी हललेला दिसला तर पॉटला दोष देऊ नये.

वेगाची मर्यादाही तिथेच

इनपुटला अचानक मोठा स्टेप दिला तर क्यू१ ची बाजू सगळे १९ मायक्रोअँपिअर घेते आणि क्यू४ रिकामा होतो. क्यू६ ला १९ ची नक्कल काढायची आहे, तो ते फक्त ३० पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून काढू शकतो. स्टेप उलटा असेल तर क्यू४ १९ देतो, क्यू६ शून्य घेतो, आणि तेवढेच कपॅसिटरमध्ये शिरतात. १९ भागिले ३० म्हणजे ०.६३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. हाच स्लू रेट, डेटाशीट तो ०.५ सांगते. १० व्होल्ट उंचीची साइन वेव्ह दहा किलोहर्ट्झच्या वर गेली की ऑसिलोस्कोपवर त्रिकोणी होऊ लागते ती यामुळे.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ५ किलोओहम लहान करून क्यू१० चा करंट वाढवणे. त्याने काही साधत नाही. करंट वाढला की `gm` ही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे ०.१९ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट भागिले ३० पिकोफॅरड यातून येणारी १ मेगहर्ट्झची मर्यादा वर सरकते आणि ऑप-अँप डळमळू लागतो. तो सावरायला कपॅसिटर तेवढाच मोठा करावा लागतो आणि वेग होता तिथेच राहतो. स्लू रेट आणि रेडियन प्रति सेकंदात मोजलेली बँडविड्थ यांचं गुणोत्तर या रचनेत `4·VT` वर बांधलेलं आहे, म्हणजे सुमारे ०.१ व्होल्ट. मिरर कितीही चांगला केला तरी ही गाठ सुटत नाही. ती सोडवायला करंट न घटवता `gm` कमी करावं लागतं. इनपुटला फेट लावणारे नंतरचे ऑप-अँप तेच करतात.

३९ किलोओहमचा रेझिस्टर आतच असल्याने ७४१ चे करंट वापरणाऱ्याला बदलता येत नाहीत. एलएम४२५० मध्ये तोच रेझिस्टर चिपच्या बाहेर आणला आहे: आठव्या पिनेला आपल्या पसंतीचा रेझिस्टर लावायचा, आतले मिरर तो करंट सगळ्या स्टेजांना वाटतात, आणि गेन-बँडविड्थ, स्लू रेट, सप्लाय करंट सगळं त्याच्याबरोबर वर-खाली होतं. आरसीए कंपनीच्या सीए३०८० मध्ये तर एका इनपुट जोडीभोवती चार मिरर आहेत आणि फारसं दुसरं काही नाही. पाचव्या पिनेत जितका करंट द्याल त्याच्या १९ पट `gm` मिळतं, आणि व्होल्टेजने चालणारे फिल्टर व सिंथेसायझरचे व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने गेन बदलणारे अॅम्प्लिफायर, लोकांनी त्या एका पिनेवर उभे केले.